चित्रातली अक्षरं फोनवर वाचता यायला हवीत, आणि खालच्या मजकुराशी जुळायलाही

प्रश्न: आमचा वेंगुर्ल्याजवळ महिला बचत गट आहे. आम्ही कोकम आगळ करून विकतो. आगळापासून सोलकढी कशी करायची याचं एक माहितीचित्र मी लॅपटॉपवर केलं, १०८० बाय १३५० आकाराचं. तारकर्लीच्या वाळूवर ठेवलेल्या सोलकढीच्या पेल्याचा फोटो, त्यावर पांढऱ्या अक्षरांत सगळी कृती. लॅपटॉपवर छान दिसतं, पण व्हॉट्सॲपवर गेलं की लोक म्हणतात वाचता येत नाही. त्यात एका गिऱ्हाइकाने विचारलं, ‘चित्रात ४ चमचे आगळ आणि खालच्या मजकुरात ४ मोठे चमचे, खरं काय?’ अक्षरं २६ आकाराची आहेत. आणखी मोठी केली तर मजकूर मावत नाही. काय करू?

उत्तर:

ताई, तुमचे दोन प्रश्न खरं तर एकच आहेत. जागा पुरेना म्हणून तुम्ही चित्रातला ‘मोठे’ हा शब्द कापलात आणि त्या एका शब्दाने गिऱ्हाइकाची कढी पाणचट झाली असती. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा धरतात आणि मोठा १५ चा. म्हणजे ४ लहान चमचे २० मिली आणि ४ मोठे ६० मिली. तिप्पट फरक आहे. अक्षरं लहान ठेवून शब्द कापत बसलं की असंच होतं, कारण कापताना आपण लांबी बघतो, अर्थ बघत नाही.

आधी अक्षरांचा हिशेब करू. कुडाळला माझं छपाईचं दुकान होतं. फ्लेक्सवरून फोनच्या चित्रांकडे वळलो तेव्हा मीही हीच चूक करत होतो. लॅपटॉपवर ते चित्र वहीच्या पानाएवढं दिसतं, फोनवर तेच तळहातापेक्षा अरुंद होतं. साडेसहा इंची फोनचा पडदा आडवा मोजला तर सुमारे ६८ मिलिमीटर भरतो. तुमचं १०८० पिक्सेल रुंदीचं चित्र त्या ६८ मिलिमीटरमध्ये बसतं, म्हणजे साधारण १६ पिक्सेलचा एक मिलिमीटर होतो. आता २६ ला १६ ने भागा, उत्तर आलं १.६ मिलिमीटर. पण हा फॉन्टचा पूर्ण आकार झाला. त्यात वरच्या वेलांटीची, मात्रेची आणि खालच्या उकाराची जागा धरलेली असते. शिरोरेघेपासून खालपर्यंतचं मूळ अक्षर त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतं, फॉन्टगणिक थोडं कमीजास्त. म्हणजे तुमचा ‘क’ फोनवर एक मिलिमीटर उंच आहे. आणि हे चित्र उघडून पूर्ण पडदाभर पाहिलं तर. चॅटमध्ये न उघडता दिसणारं चित्र पडद्याच्या दोन तृतीयांश रुंदीचं धरलं, तर ‘क’ अर्धा-पाऊण मिलिमीटर उरतो. मोहरीच्या दाण्याहून लहान.

```
फोनवरचं मूळ अक्षर (मिमी) = आकार ÷ १६ × ०.६
चॅटमध्ये न उघडता        = वरचं उत्तर × ०.६६
```

हे सूत्र १०८० रुंदीच्या चित्रासाठी आहे. चित्र २१६० रुंद केलंत तर १६ च्या जागी ३२ घ्या. पुष्कळांना वाटतं की चित्र मोठ्या आकाराचं केलं की अक्षरं स्पष्ट होतील. तसं होत नाही. फोनची रुंदी तेवढीच राहते, आणि फार मोठं चित्र व्हॉट्सॲप पाठवताना स्वतःच लहान करून टाकतं. चित्राच्या रुंदीचा कितवा हिस्सा एका अक्षराला मिळतो, एवढंच मोजायचं.

माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे: १०८० च्या चित्रात कृतीच्या ओळी ६४ च्या, मथळा ११० चा, आणि अगदी कडेची किरकोळ ओळसुद्धा ४४ च्या खाली नाही. ६४ चं मूळ अक्षर उघडलेल्या चित्रात २.४ मिलिमीटर येतं आणि चॅटमध्ये दीडच्या वर राहतं. ४४ चं अनुक्रमे दीडच्या थोडं वर आणि एकच्या थोडं वर. हे आकडे कुठल्या नियमावलीत नाहीत. चष्मा घरी विसरून बाजारात आलेल्या माणसांना फोन हातात देऊन देऊन मी ते ठरवले आहेत.

इंग्रजी चित्रं बघून आकार ठरवणाऱ्यांना एक गोष्ट लक्षात येत नाही. रोमन अक्षरं ४० आकाराला जेवढी सुखाने वाचता येतात, तेवढी देवनागरी येत नाहीत. आपल्याकडे एकाच अक्षराच्या डोक्यावर रफार, मात्रा, अनुस्वार आणि पायाशी उकार असा गोतावळा असतो. अक्षर लहान झालं की सगळ्यात आधी तो गोतावळा हरवतो. त्यातही पहिला जातो अनुस्वार. २६ आकाराला तो टिंब जेमतेम तीन-चार पिक्सेलचा असतो. चित्र पाठवताना व्हॉट्सॲप ते जेपीईजीत दाबतं, तेव्हा अक्षराच्या कडेने बारीक धूळ उडाल्यासारखी दिसते. त्या धुळीत टिंब कुठलं आणि डाग कुठला ते कळत नाही. तुम्ही पीएनजी फाइल दिलीत तरी फोटो म्हणून पाठवलेलं चित्र शेवटी जेपीईजीच होतं.

म्हणून चित्रातल्या मजकुरात मी बोलीतली अनुस्वारी रूपं टाळतो. ‘चवीपुरतं’, ‘काढलेलं’, ‘घातलं’ ही बोलायला गोड, पण टिंब गेलं की ‘चवीपुरत’ राहतं आणि वाचणारा अडखळतो. ‘चवीपुरते’, ‘काढलेले’ लिहिलं की मात्रेची रेघ टिंबापेक्षा चांगली तग धरते. सगळ्यात बरं म्हणजे असा शब्दच न वापरणं. ‘चवीपुरतं मीठ घालावं’ऐवजी ‘मीठ चव बघून’.

जोडाक्षरांचंही तसंच. ‘शुद्ध’ हा आपल्या खाद्यपदार्थांच्या चित्रांतला लाडका शब्द, आणि लहान आकाराला सगळ्यात वाईट दिसणारा. द आणि ध एकमेकांत घुसून काळा ठिपका होतो. ‘पौष्टिक’ तसाच. तुमच्या चित्रात ‘शुद्ध व पौष्टिक’ असणार, मी पैजेवर सांगतो! ते काढून ‘कोकम आणि मीठ, बाकी काही नाही’ एवढं मजकुरात लिहा, अर्थात तुमच्या आगळात खरंच एवढंच असेल तर. ते वाचताही येतं आणि त्यातून माहितीही मिळते.

फॉन्ट निवडताना सारख्या जाडीच्या रेघांचा घ्या. फॉन्टच्या यादीत `Mukta` किंवा `Noto Sans Devanagari` दिसले तर दोन्ही चालतील. पुस्तकी वळणाचे, कुठे जाड कुठे बारीक रेघ असलेले फॉन्ट कागदावर देखणे, फोनवर त्यांची बारीक रेघ तुटते. जाडी मध्यम ठेवा, यादीत `SemiBold` म्हणतात ती. अगदी ठळक करायला जाऊ नका, कारण घ, ध, भ यांच्या आतल्या मोकळ्या जागा बुजतात आणि तिन्ही अक्षरं भावंडं दिसू लागतात. अक्षरांमधलं अंतर शून्यच असू द्या, ते वाढवलं की शिरोरेघ तुटून शब्दाचे तुकडे पडतात. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा सैल हवं, फॉन्टच्या दीडपट. नाहीतर वरच्या ओळीतला ‘कू’चा शेपटा खालच्या ओळीतल्या ‘मि’च्या वेलांटीत अडकतो.

आकडे देवनागरीत लिहीत असाल तर १ आणि ९ यांच्याकडे लक्ष द्या. एका होमस्टेच्या चित्रात मी ‘खोली दुपारी १ पासून’ असं ३० आकारात लिहिलं होतं, आणि ‘दुपारी’ हा शब्द जागेअभावी मीच नंतर उडवला. रात्रीच्या गाडीने आलेली मंडळी सकाळी ९ ला दारात हजर. खोल्या आधीच्या पाहुण्यांनी भरलेल्या, मंडळी चार तास पडवीत बसून होती. मालकांनी चहा-घावणे देऊन वेळ निभावली, पण मला जे ऐकवायचं ते ऐकवलंच. तेव्हापासून एकट्या आकड्याला मी मोकळं सोडत नाही, सोबत शब्द ठेवतोच. आणि ऑर्डरचा फोन नंबर चित्रात द्यायचाच असेल तर तो इंग्रजी आकड्यांत देतो, कारण डायल करताना लोकांसमोर तेच आकडे असतात.

आता तुमच्या फोटोकडे येऊ. पांढरी वाळू, फिकट गुलाबी कढी आणि वर पांढरी अक्षरं. अक्षरं ६४ ची केलीत तरी ही वाचली जाणार नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक गुणोत्तरात मोजतात. काळ्यावर पांढरं म्हणजे २१, पांढऱ्यावर पांढरं म्हणजे १. वेबवरच्या सुलभतेचे जे जागतिक निकष आहेत त्यांत साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना किमान ३ मागितले आहेत. सोलकढीचा गुलाबी, समजा `#E8A0B0`, त्यावर पांढरं अक्षर घातलं तर गुणोत्तर जेमतेम २ येतं. त्याच गुलाबीवर कोकमाचा गडद लाल, `#7A1030`, घेतला तर ५ च्या वर. आणि त्या गडद लाल पट्टीवर पांढरी अक्षरं घातली तर १० च्या वर. रंग तेच तुमच्या मालाचे, फक्त कोण मागे आणि कोण पुढे हे बदललं.

फोटोवर काळपट पारदर्शक थर टाकून त्यावर अक्षरं लिहायची पद्धत आहे. करा, पण किती काळपट ते मोजून. फोटोचा सगळ्यात उजळ भाग धरायचा, सरासरी नाही. आपल्या किनाऱ्याच्या फोटोत लाटेचा फेस आणि दुपारची वाळू जवळजवळ पांढरी असते. पांढऱ्यावर ५० टक्के काळा थर टाकून वर पांढरं अक्षर लिहिलं तर गुणोत्तर ४ च्या जवळ अडकतं. ६० टक्के केला की साडेपाचच्या वर जातं. म्हणजे समुद्राचा फोटो असेल तर ६० च्या खाली उतरू नका. पण ६० टक्के काळ्या थराखाली सोलकढीचा रंग मेला की मग फोटो ठेवलात कशाला? म्हणून खाण्याच्या चित्रात मी थर टाकतच नाही. वरचा भाग फोटोला, खालचा भाग एका रंगाच्या सपाट पट्टीला, आणि अक्षरं फक्त पट्टीवर.

अक्षरांना काळी कडा लावायचा मोह होईल, तो आवरा. कडा रेघेच्या दोन्ही बाजूंना चढते आणि आतल्या बाजूची अर्धी जाडी अक्षराची पोकळी खाते. आणि लाल-हिरवी जोडी टाळा, म्हणजे हिरव्या केळीच्या पानावर लाल अक्षरं. जेपीईजीत उजेडाची नोंद बारकाईने राहते पण रंगाची नोंद बहुधा निम्म्या बारकाव्याने ठेवली जाते. लाल आणि हिरव्याचा उजेड सारखा असला तर अक्षराची कडा फक्त रंगावर उभी असते, आणि तीच दाबताना विरघळते. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे फोनमध्ये चित्र कृष्णधवल करून बघायचं. अक्षरं पुसट झाली तर जोडी चुकली.

आता राहिला तुमचा खरा अडथळा, मजकूर मावत नाही हा. तो मावणारच नाही. ६४ आकारात, दोन्ही बाजूंना ८० पिक्सेल समास सोडून उरलेल्या ९२० मध्ये, मोकळ्या जागा धरून २०-२२ अक्षरं बसतात. अशा चार ओळी आणि एक मथळा, एवढंच एका चित्राचं पोट. म्हणून क्रम उलटा करा. आधी खालचा मजकूर पूर्ण, सावकाश, एकही शब्द न वाचवता लिहा. मग त्यातूनच चित्राचे शब्द उचला. तुम्ही बहुतेक आधी चित्र सजवलं, मग पाठवताना आठवेल तसा मजकूर टाइप केला. त्यामुळे दोन्हीकडे दोन वेगळ्या कृती झाल्या.

तुमच्यासाठी मी मजकूर असा लिहीन. प्रमाण तुमच्या आगळाच्या आंबटपणाप्रमाणे तुम्ही तपासून घ्या:

‘सोलकढी, ४ जणांना. १ नारळ खवून वाटून २ कप दूध काढा. त्यात आगळ ६० मिली, म्हणजे ४ मोठे चमचे घाला. २ लसूण पाकळ्या आणि १ हिरवी मिरची ठेचून घाला. आगळात आधीच मीठ असते, म्हणून मीठ चव बघून घाला. कढी उकळू नका, नारळाचे दूध फुटते. वरून कोथिंबीर.’

आता यातून चित्रात काय जाईल? ज्याच्यावाचून कढी बिघडते ते. लसूण-मिरची कमीजास्त झाली तर काही बिघडत नाही, ती मजकुरात राहू दे. आगळाचं प्रमाण, मिठाची सावधगिरी आणि न उकळणं या तीन गोष्टी चित्रात हव्यातच. आगळ आणि साखर घातलेलं अमृत कोकम यांत मुंबई-पुण्याची माणसं गल्लत करतात, म्हणून मिठाची ओळ तर सोडूच नका.

मथळा: सोलकढी, ४ जणांना
१ नारळ, २ कप दूध
आगळ ६० मिली = ४ मोठे चमचे
मीठ चव बघून
उकळू नका

मोजून बघा, सगळ्यात लांब ओळ आगळाची. मोकळ्या जागा धरून ती २० अक्षरांची आहे, म्हणजे ६४ आकारात एका ओळीत मावते. चित्राची मांडणी अशी: १३५० उंचीपैकी वरचे ६२० फोटोला. खाली ७३० ची कोकमी पट्टी. तिच्यात ११० चा मथळा, त्याला ओळीची उंची दीडशेच्या आसपास. मग ६४ च्या चार ओळी, प्रत्येकी ९६ प्रमाणे ३८४. शेवटी ४४ आकारात गटाचं नाव. एवढं करून वर-खाली मिळून सव्वाशेच्या आसपास मोकळं उरतं, ते उरू द्या. काठाला चिकटलेला मजकूर ॲप चौकट कापताना पहिला खातं.

‘उकळू नका’ ही ओळ मी मुद्दाम एकाच ओळीत, दोनच शब्दांची ठेवली आहे. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि शेवटचाच शब्द पुढच्या ओळीवर सांडतो. ‘कढी गॅसवर ठेवून उकळू’ एवढं वरच्या ओळीत आणि ‘नका’ खाली एकटं. खालचा भाग कापला गेला किंवा घाईत वाचला की सूचना बरोबर उलटी! नकाराची ओळ कधीही तोडायची नाही, ती मावत नसेल तर वाक्य बदलायचं.

आता जुळणी कशी तपासायची ते. मजकुराची प्रत कागदावर घ्या आणि चित्रातला एकेक शब्द मजकुरात सापडला की त्याखाली रेघ मारा. चित्रातला जो शब्द मजकुरात सापडणार नाही तो चुकीचा, कितीही सुंदर असला तरी. ‘६० मिली’ दोन्हीकडे ‘६० मिली’च हवं, एकीकडे ‘पाव वाटी’ आणि दुसरीकडे मिली नको. क्रमही तोच. मजकुरात जास्त असलेलं चालतं, चित्रात जास्त असलेलं चालत नाही. याला एकच अपवाद आहे. मजकुरात सावधगिरीची सूचना असेल तर ती चित्रातही हवी, कारण चित्र एका गटातून दुसऱ्या गटात जाताना मजकूर पुष्कळदा मागे राहतो.

फोटोही वाचला जातो हे विसरू नका. तुमच्या पेल्याशेजारी चहाचा चमचा ठेवलेला असला तर ‘मोठे चमचे’ असं कितीही मोठ्या अक्षरांत लिहा, माणूस दिसतो तोच चमचा उचलणार. बाटली दिसत असेल तर तिच्यावरचं माप आणि मजकुरातलं माप एक हवं. ५०० मिलीच्या बाटलीचा जुना फोटो आणि मजकुरात ७५० मिली, यावरून गिऱ्हाईक भांडलं तर त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

जिथे चित्रासाठी पर्यायी मजकूर भरायची सोय असते तिथे तो भरा. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन तोच वाचून दाखवतो. तिथे ‘सोलकढीचे सुंदर चित्र’ असं लिहिण्याने काहीच साधत नाही. फोटोत काय आहे याचं एक वाक्य, आणि मग चित्रातल्या पाच ओळी त्याच क्रमाने, त्याच आकड्यांनी: ‘वाळूवर सोलकढीचा पेला. सोलकढी, ४ जणांना. १ नारळ, २ कप दूध. आगळ ६० मिली, म्हणजे ४ मोठे चमचे. मीठ चव बघून. उकळू नका.’ बरोबरीच्या चिन्हाऐवजी ‘म्हणजे’ लिहिलं, कारण ऐकताना तेच स्वाभाविक वाटतं.

हे सगळं कॉपी-पेस्ट करून व्हायला हवं, पुन्हा टाइप करून नव्हे. इथे एक जुनी अडचण येते. छपाईवाल्यांकडून चित्र करून घेतलंत आणि त्यांनी श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलं असेल, तर तो मजकूर उचलून व्हॉट्सॲपवर टाकला की मराठीऐवजी रोमन अक्षरं-चिन्हांची खिचडी दिसते. मग कोणीतरी घाईत पुन्हा टाइप करतं आणि तिथे ‘मोठे’ गळतं. मजकूर युनिकोडमध्ये, फोनच्या मराठी कीबोर्डवरच, तुम्ही लिहा आणि तोच त्यांना पाठवा. चित्र परत आलं की वेलांट्या बघा. काही सॉफ्टवेअरला देवनागरीची मांडणी नीट जमत नाही, ‘मिली’तली पहिली वेलांटी म च्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. असं दिसलं तर फॉन्ट बदलून उपयोग नाही. सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी चालू करावी लागते, फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत ती परिच्छेदाच्या पर्यायांत `World-Ready Layout` नावाने असते.

शेवटची परीक्षा लॅपटॉपवर घेऊ नका. चित्र व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. एचडीचा पर्याय न निवडता पाठवा, कारण सेव्ह करून पुन्हा पाठवणारे तो निवडणार नाहीत. मग गटातल्या सगळ्यात साध्या फोनवर, उजेड निम्मा ठेवून, अंगणात उन्हात उभं राहून, चित्र न उघडता बघा. मथळा आणि ‘उकळू नका’ एवढं तरी तसंच वाचता यायला हवं. उघडल्यावर बाकीच्या ओळी दोन बोटांनी न ताणता. मग त्याचा स्क्रीनशॉट काढून तो पुन्हा पाठवा आणि परत बघा, कारण बाहेर तुमचं चित्र असंच फिरणार आहे.

आणि वाचायला साठीतलं माणूस बसवा. माझ्याकडे हे काम शेजारच्या काकी करायच्या. त्यांना ‘दिसतं का’ विचारायचं नाही, भिडेखातर ‘दिसता’ म्हणतील. मोठ्याने वाचायला सांगायचं आणि आपण मजकुराच्या कागदावर बोट ठेवून ऐकायचं. जिथे त्या अडखळल्या तिथे आकार किंवा शब्द बदलायचा. एकदा त्यांनी फोन हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि परत दिला, ‘माका कायेक दिसणा नाय’. ती अक्षरं ३६ ची होती आणि तोवर मला ती मोठी वाटत होती.

दर तुम्ही विचारला नाहीत, पण पुढच्या चित्रात तो घालाल म्हणून सांगतो. कृतीच्या चित्रात दर घालू नका. कृती दहा वर्षं टिकते, दर पुढच्या मोसमात बदलतो, आणि जुनं चित्र पुसून टाकायची सोय कोणाकडे नाही. हापूसवाल्यांना विचारा, मागल्या वर्षीच्या पेटीचा दर दाखवून भांडणारे दर एप्रिलला भेटतात. दर मजकुरात लिहा. चित्रात घालणं भागच असेल तर दराचं वेगळं चित्र करा आणि ‘मे २०२६ पर्यंत’ अशी मुदत दराच्याच ओळीत, दराच्याच आकाराने लिहा. खाली कोपऱ्यात २० आकारात लिहिलेली मुदत कोणाला दिसत नाही.

प्रमाण किंवा बाटलीचं माप बदललं तर आधी मजकुराची मूळ प्रत बदला, मग चित्र, मग पर्यायी मजकूर, याच क्रमाने. मूळ प्रत गटातल्या एकीच्याच फोनमध्ये असू द्या.

तुमचं नवीन चित्र झालं की ‘मोठे चमचे’ विचारणाऱ्या त्या गिऱ्हाइकालाच पहिलं पाठवा, आणि नुसतं ‘आगळ किती घालाल?’ एवढंच विचारा.